१२२ आणि १२४ : द्राक्षाच्या अर्कातला क्लोरीन, टोमॅटोतला ब्रोमीन

निसर्गात सापडणाऱ्या क्लोरीनचे अणू दोन वजनांचे असतात. दर शंभरातले सुमारे ७५.८ अणू ३५ वस्तुमानाचे आणि उरलेले सुमारे २४.२ अणू ३७ वस्तुमानाचे. ब्रोमीनचेही तसेच, फक्त त्याची विभागणी जवळपास निम्मी-निम्मी आहे : ७९ वस्तुमानाचे ५०.७ टक्के आणि ८१ वस्तुमानाचे ४९.३ टक्के. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन या सेंद्रिय रसायनांतल्या नेहमीच्या मूलद्रव्यांत जड समस्थानिक इतक्या मोठ्या प्रमाणात नसतात. म्हणून मास स्पेक्ट्रोमीटरच्या पडद्यावर एखाद्या शिखराच्या पुढे बरोबर दोन एककांवर दुसरे ठळक शिखर दिसले, तर रेणूत क्लोरीन किंवा ब्रोमीन असण्याची शक्यता सर्वांत आधी तपासली जाते. दुसरे शिखर पहिल्याच्या एक तृतीयांश असेल तर एक क्लोरीन, आणि दोन्ही जवळपास सारखी असतील तर एक ब्रोमीन, हा पहिला ठोकताळा.

हे दोन एककांचे अंतर फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पहिल्यांदा पाहिले. रसायनशास्त्राच्या कोष्टकात क्लोरीनचा अणुभार ३५.४६ असा दिला होता, पण १९२०च्या सुमारास अ‍ॅस्टन यांच्या वस्तुमान-आलेखावर त्या जागी काहीच नव्हते. रेषा होत्या त्या ३५ आणि ३७ वर. ब्रोमीनचा अणुभार ८०च्या अगदी जवळ, पण ८० वर रेषा नाही. त्या ७९ आणि ८१ वर. कोष्टकातला अणुभार हा सरासरीचा आकडा असतो, स्पेक्ट्रोमीटर मात्र प्रत्येक अणू वेगळा मोजतो. या तंत्राच्या रोजच्या वापरात हा फरक कायम लक्षात ठेवावा लागतो. क्लोरीन असलेल्या औषधाचे वस्तुमान बाटलीवरच्या रेणुभारावरून काढले, तर पडद्यावर त्या आकड्यापाशी शिखर सापडत नाही.

नाशिक जिल्ह्यात या दोन एककांच्या अंतराला वेगळेच महत्त्व आले ते द्राक्षांमुळे. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातून युरोपला जाणारा माल कीडनाशकांच्या अवशेषांसाठी तपासला जातो. पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हे या तपासणीतले राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचे काम पाहते आणि अपेडाच्या ‘ग्रेपनेट’वर प्रत्येक बागेची नोंद असते. तरीही २०१०च्या हंगामात युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड सापडले. बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात तेच हे संजीवक. युरोपची त्या वेळची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. माल अडकला, निर्यातदार आणि बागायतदार दोघांनाही मोठा फटका बसला, आणि त्यानंतर सीसीसीची तपासणी निर्यातीच्या यादीत आली.

सीसीसी बागेत वापरले जाई ते एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर. फुटीची जोमदार वाढ आवरली की काडीत घडनिर्मिती चांगली होते, हा त्यामागचा हिशेब. फळे काढणीला येतात त्याच्या कितीतरी महिने आधीची ही फवारणी असल्यामुळे घडावर काही उरेल असे सहसा कोणी धरत नसे. परंतु हे रसायन वेलीच्या आत शिरते आणि तिथे टिकते. त्यात भर म्हणजे ते नेहमीच्या तपासणीच्या जाळ्यात येत नाही. शेकडो कीडनाशके एका दमात तपासणाऱ्या पद्धतीत द्राक्षाच्या लगद्यातून औषधे इथाइल अ‍ॅसिटेट किंवा अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये ओढून घेतात. सीसीसी मात्र जन्मतःच धन प्रभार असलेल्या आयनाचा क्षार आहे. ते पाण्याचा थर सोडून सेंद्रिय द्रावकात जात नाही. जे अर्कातच आले नाही ते यंत्र कितीही चांगले असले तरी दिसणार कसे?

म्हणून त्याच्यासाठी वेगळी पद्धत वापरतात. द्राक्षांचा १० ग्रॅम लगदा घेऊन त्यातले पाणी धरून एकूण १० मिलिलिटर होईल इतके पाणी घालतात, त्यात फॉर्मिक आम्ल मिसळलेले १० मिलिलिटर मिथेनॉल टाकून जोरात हलवतात, सेंट्रीफ्यूज करून वरचा द्रव गाळतात आणि तोच यंत्रात सोडतात. द्रव एकूण २० मिलिलिटर झाला. फळात किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम सीसीसी असेल तर १० ग्रॅममध्ये अर्धा मायक्रोग्रॅम येतो, आणि गाळलेल्या द्रवाच्या दर मिलिलिटरमध्ये ०.०२५ मायक्रोग्रॅम. द्रव शुद्ध केलेला नसतो. द्राक्षाची साखर, आम्ले, अमिनो आम्ले सगळी त्यात असतात. ध्रुवीय पदार्थ धरून ठेवणाऱ्या कॉलममधून हे मिश्रण जाते आणि बाहेर पडणारा पदार्थ दुहेरी मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो.

इथे क्लोरीनचे काम सुरू होते. सीसीसीच्या धन आयनात पाच कार्बन, तेरा हायड्रोजन, एक नायट्रोजन आणि एक क्लोरीन असतो. ३५ वस्तुमानाचा क्लोरीन धरला तर बेरीज १२२, ३७चा धरला तर १२४. अख्खा स्पेक्ट्रम काढला की १२२ वर उंच शिखर आणि १२४ वर त्याच्या सुमारे ३२ टक्के उंचीचे शिखर दिसते. हा ३२चा आकडा निसर्गातूनच येतो : २४.२ला ७५.८ने भागले की ०.३२ मिळतात. द्राक्ष दिंडोरीचे असो वा चिलीचे, पीक याच वर्षीचे असो वा दहा वर्षांपूर्वीचे, हे प्रमाण बदलत नाही.

प्रत्यक्ष तपासणीत मात्र यंत्र अख्खा स्पेक्ट्रम काढत बसत नाही. ते एका वस्तुमानाचा आयन निवडते, त्याला वायूवर आदळून फोडते आणि ठरावीक तुकडा मोजते. सीसीसीचा १२२चा आयन फुटला की दोन तुकडे महत्त्वाचे ठरतात. पहिला ५८चा. त्यात नायट्रोजन असतो. क्लोरीन मात्र त्याला चिकटलेल्या दोन कार्बनांसह निघून गेलेला असतो. दुसरा ६३चा. हा दोन कार्बनांचा तुकडा क्लोरीनला सोबत घेऊन उरतो. म्हणून प्रयोगशाळा सहसा तीन मार्ग मोजते : १२२ ते ५८, १२२ ते ६३ आणि १२४ ते ५८. तिसरा मार्ग म्हणजे जड क्लोरीनवाल्या रेणूचीच मोजणी. क्लोरीन तुकड्याबरोबर जात नसल्यामुळे १२२ आणि १२४ दोघांतूनही ५८च मिळतो आणि दोन्ही मोजण्यांचे प्रमाण ०.३२ यायला हवे.

पडताळणीला आणखी एक पायरी जोडता येते. १२४ फोडून ६३ शोधला तर तो मिळायला नको. जड क्लोरीन तुकड्यात असल्यामुळे तो तुकडा ६५ला दिसला पाहिजे. १२४ ते ६५ आहे आणि १२४ ते ६३ नाही, असे दिसले की क्लोरीन रेणूत आहे एवढेच नव्हे, तर तो याच दोन कार्बनांच्या टोकाला आहे हेही कळते. केवळ वस्तुमान जुळण्यापेक्षा हा पुरावा कितीतरी बळकट आहे. परिमाण काढण्यासाठी अर्कात मोजून घातलेले, चार ड्यूटेरियम असलेले सीसीसी १२६ला येते. मूळ रेणूत एकच क्लोरीन असल्यामुळे त्याची शिखरे १२४पर्यंतच थांबतात आणि १२६ची जागा मोकळी राहते.

हे सगळे का करायचे, ते १२२ या आकड्याकडे पाहिले की समजते. फेनिलइथाइलअमाइन हा वनस्पतींत आणि वाइनमध्ये आढळणारा साधा पदार्थ. त्याला एक प्रोटॉन चिकटला की त्याचेही वस्तुमान १२२ होते. फरक दशांश चिन्हाच्या पुढे आहे : सीसीसी १२२.०७३, फेनिलइथाइलअमाइन १२२.०९६. पूर्णांकात मोजणाऱ्या यंत्राला हा फरक दिसत नाही. परंतु फेनिलइथाइलअमाइनमध्ये क्लोरीन नाही. त्याच्या आठ कार्बनांमुळे १२३ला सुमारे नऊ टक्क्यांचे शिखर येते आणि १२४ला अर्धा टक्काही नाही. त्यामुळे १२२ला काही दिसले आणि १२४ रिकामे राहिले, तर ते सीसीसी नव्हे असे तिथल्या तिथे सांगता येते. अर्थात त्यासाठी १२२चे शिखर पुरेसे उंच हवे.

या ‘पुरेसे’ शब्दात रोजच्या कामातली अडचण दडलेली आहे. १२४चे शिखर १२२च्या तिसऱ्या हिश्श्याचे. १२२चे शिखर यंत्राच्या खरखरीच्या दहापट असेल तर १२४चे जेमतेम तिप्पट येते आणि प्रमाण ०.२० ते ०.४५च्या दरम्यान कुठेही भरकटू शकते. त्यामुळे मर्यादेच्या आसपासचा नमुना असताना १२४चा मार्ग पुरावा म्हणून वापरायचा की नाही, हे आधी ठरवावे लागते. युरोपच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन मार्गांचे प्रमाण ज्ञात प्रमाणाच्या ३० टक्के कमी-जास्त चालते, ०.३२साठी ही मुभा साधारण ०.२२ ते ०.४२ अशी होते. कमी मात्रेत प्रमाण याबाहेर गेले तर नमुना पुन्हा सोडून पाहतात, किंवा अर्काचे जास्त आकारमान सोडतात. केवळ या एका कारणासाठी ‘आढळले नाही’ असे लिहिणे जोखमीचे असते.

उलट टोकालाही चूक होते. समजा एका नमुन्यात १२२ ते ५८ या मार्गाचे क्षेत्रफळ २१ लाख आणि १२४ ते ५८चे ९ लाख ६० हजार आले. प्रमाण ०.४६. हा आकडा मुभेबाहेर आहे, म्हणून हे सीसीसी नाही असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. पण तोच अर्क दहापट पातळ करून सोडला की १२२चे क्षेत्रफळ २ लाख ९५ हजार आणि १२४चे ९४ हजार ५०० येते, प्रमाण बरोबर ०.३२. पहिल्या वेळी १२२चे आयन इतके जास्त होते की शोधक त्यांची पूर्ण मोजणी करू शकला नाही. १२४चे कमी असल्यामुळे त्यांची मोजणी नीट झाली. प्रमाण वर सरकले की आधी शोधक भरून गेला का, हे पाहायचे. याच्या दोन खुणा : मोठ्या शिखराचा माथा सपाट दिसतो, आणि पातळ केल्यावर त्याचे क्षेत्रफळ दहापट कमी होत नाही. वरच्या उदाहरणात ते फक्त सातपट घटले, तर १२४चे मात्र दहापट.

एकापेक्षा जास्त क्लोरीन असले की ‘एक तृतीयांश’चा ठोकताळा पुरत नाही. क्लोरपायरिफॉस हे द्राक्षात मिलीबगसाठी वापरले गेलेले औषध. युरोपने २०२० मध्ये त्याची मान्यता संपवली. त्यात तीन क्लोरीन आहेत. गॅस क्रोमॅटोग्राफच्या यंत्रात त्याच्या वलयाचा तुकडा १९७, १९९ आणि २०१ला दिसतो. तीन क्लोरीनांपैकी तिन्ही हलके असण्याची शक्यता सुमारे ४३.५ टक्के, एकच जड असण्याची ४१.७, दोन जड असण्याची १३.३ आणि तिन्ही जड असण्याची १.४ टक्के. म्हणजे १९७ आणि १९९ची उंची १०० : ९६. एका ब्रोमीनच्या दोन शिखरांची उंची १०० : ९७. पहिली दोन शिखरे पाहून तीन क्लोरीन की एक ब्रोमीन, हे कोणालाही सांगता येणार नाही. निवाडा तिसऱ्या शिखरावर होतो. क्लोरपायरिफॉसमध्ये २०१ला ३१ टक्के उंचीचे शिखर असते. एका ब्रोमीनच्या रेणूत त्या जागी जवळजवळ काहीच नसते. ज्या पद्धतीत फक्त दोनच आयन मोजायची सवय आहे, तिथे हा गोंधळ हमखास होऊ शकतो. दुसरा आधार म्हणजे ३१४चा तुकडा. मूळ रेणूतून एक क्लोरीन गेल्यावर तो उरतो; त्यात दोन क्लोरीन राहतात आणि ३१६चे शिखर ३१४च्या साधारण दोन तृतीयांश येते. तुकड्यागणिक क्लोरीन कमी होत गेलेला दिसणे, हीही ओळखीची खूण.

ब्रोमीनचे उत्तम उदाहरण क्लोरअँट्रानिलिप्रोल. टोमॅटोवरच्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी हे औषध नाशिक भागातही फवारले जाते. त्यात एक ब्रोमीन आणि दोन क्लोरीन एकत्र आहेत. प्रोटॉन चिकटलेल्या रेणूचे सगळ्यांत हलके वस्तुमान ४८२. पण सगळ्यांत उंच शिखर ४८२ला नाही. सगळे अणू हलके असण्याची शक्यता २९ टक्के. ब्रोमीन जड किंवा दोन क्लोरीनांपैकी एक जड असण्याची मिळून ४७ टक्के. त्याहून दोन एकके पुढची २१ टक्के आणि शेवटची ३ टक्के. म्हणजे ४८२, ४८४, ४८६ आणि ४८८ची उंची साधारण ६२ : १०० : ४५ : ६. रेणूच्या सूत्रावरून ४८२ काढून फक्त तोच आयन निवडणारा रसायनज्ञ सर्वांत उंच शिखर सोडून देतो. म्हणूनच या औषधासाठी अनेक प्रयोगशाळा ४८४पासूनचे मार्ग वापरतात.

मात्र ४८४ फोडताना एक बारीक गोष्ट समजून घ्यायला हवी. ४८४मध्ये दोन प्रकारचे रेणू मिसळलेले असतात : ब्रोमीन जड असलेले, आणि दोन क्लोरीनांपैकी एक जड असलेले. या औषधाच्या मोठ्या तुकड्यात ब्रोमीन आणि एक क्लोरीन असतो, दुसरा क्लोरीन उरलेल्या भागात जातो. ४८२पासून तो तुकडा फक्त २८४ला येतो. ४८४पासून मात्र बहुतेक रेणू २८६ देतात, आणि जड क्लोरीन दुसऱ्या भागात असलेले थोडे रेणू २८४ देतात. हिशेब केला तर २८६ आणि २८४चे प्रमाण चारास एक येते. ४८४ ते २८४ या मार्गावर लहानसे शिखर दिसले की ती भेसळ किंवा बाहेरचा अडथळा नसतो. तो त्याच औषधाचा अपेक्षित भाग असतो. उलट मिथाइलअमाइन निघून गेल्यावर उरणारा ४५१चा तुकडा तिन्ही हॅलोजन सांभाळून ठेवतो, म्हणून ४८४पासून तो फक्त ४५३ला येतो. नमुन्यात हे दोन्ही आकडे जुळले तर कोणता क्लोरीन कोणत्या भागात आहे, याचाही पुरावा हातात येतो.

या पद्धतीच्या मर्यादा तितक्याच स्पष्ट आहेत. फ्लोरीन आणि आयोडीन यांचा निसर्गात प्रत्येकी एकच समस्थानिक आहे, १९ आणि १२७. त्यामुळे ते रेणूत असले तरी दोन एककांवर जोडशिखर येत नाही. त्यांना ओळखायला वस्तुमानाचे अचूक दशांश आणि फुटण्याची रीत यांचा आधार घ्यावा लागतो. दुसरी मर्यादा ऋण आयनांच्या तपासणीतली, आणि द्राक्षात ती फार समोर येते. द्राक्षात ग्लुकोज भरपूर असते. अर्कातला साधा क्लोराइड आयन ग्लुकोजच्या रेणूला चिकटला की २१५ आणि २१७ला तीनास एक अशी शिखरे उभी राहतात, क्लोरीन असलेल्या औषधासारखी हुबेहूब. ग्लुकोजमध्ये क्लोरीनचा एक अणूही नाही. अशा वेळी ३६ एकके मागे, १७९ला पाहतात. तिथे प्रोटॉन गमावलेला ग्लुकोज त्याच वेळी कॉलममधून येत असेल, आणि २१५ फोडल्यावर नुसता क्लोराइड किंवा १७९ मिळत असेल, तर क्लोरीन बाहेरून चिकटलेला आहे. औषधातला क्लोरीन कार्बनाशी बांधलेला असतो. तो इतक्या सहजी सुटत नाही.

तिसरी मर्यादा गंधकाची. गंधकाचा ३४ वस्तुमानाचा समस्थानिक दोन एककांवर सुमारे साडेचार टक्क्यांचे शिखर देतो. एका क्लोरीनच्या ३२ टक्क्यांसमोर ते लहान असते, पण दोन-तीन गंधक असलेल्या रेणूत ते १३ टक्क्यांपर्यंत जाते आणि कमी मात्रेत अस्पष्ट दिसणाऱ्या क्लोरीनशी त्याची गल्लत होऊ शकते. उच्च क्षमतेच्या यंत्रावर हा प्रश्न सुटतो : क्लोरीनच्या दोन शिखरांतले अंतर १.९९७, ब्रोमीनच्या १.९९८ आणि गंधकाच्या १.९९६. साध्या यंत्रावर हे तिन्ही दोनच दिसतात.

या सगळ्याचा रोजच्या अहवालासाठीचा अर्थ साधा आहे. क्लोरीन किंवा ब्रोमीन असलेले औषध आढळल्याचे लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासून पाहाव्यात. हलक्या आणि जड आयनांची शिखरे एकाच क्षणी कॉलममधून बाहेर येतात का. त्यांचे प्रमाण हिशेबाने काढलेल्या प्रमाणाशी जुळते का, आणि जुळत नसेल तर अर्क पातळ करून ते सुधारते का. आणि जड अणू ज्या तुकड्यात असायला हवा त्याच तुकड्यात दिसतो का. सीसीसीच्या बाबतीत याचा अर्थ १२२ ते ५८, १२४ ते ५८ आणि १२४ ते ६५ हे तिन्ही एकत्र दिसणे. नुसत्या १२२वर बागायतदाराचा माल नाकारू नये, आणि नुसत्या १२२वर तो पासही करू नये.